बुद्धघोषची सोयीची वेळ

उमरग्याच्या दवाखान्यात बुद्धघोष नंबर पुकारतो आणि मी शेजारी बसून केसपेपर काढते. पुण्यात फ्रेंच शिकलेला हा माणूस वडलांना लकवा मारला म्हणून सहा वर्षांपूर्वी परत आला, तो इथंच राहिला. त्याचा मला रागच येतो.

फ्रान्समध्ये वीस वर्षं वैद्यकीय कागदांचे अनुवाद करणाऱ्या एका बाईंचं नाव त्याला त्याच्या पुण्यातल्या फ्रेंचच्या मॅडमनी दिलं. आठ दिवस खपून त्यानं बाईंना फ्रेंचमध्ये मेल लिहिला. मी कोण, तुमचं नाव कुणी सांगितलं, नोकरी मागत नाही, फक्त या कामात कसं शिरावं हे विचारायला पंधरा मिनिटं द्याल का.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आनंदानं बोलू, तुमच्या सोयीच्या दोन-तीन वेळा कळवा.

त्यानं एका कोऱ्या कागदावर दिवस मांडला. सकाळी वडलांची आंघोळ, नऊ ते दोन दवाखाना, दुपारी वडलांची मालिश, चार ते नऊ परत दवाखाना. नऊनंतर घरात एकच खोली, आणि वडलांच्या हाका.

"डॉक्टरांना सांग की. तेवढा वेळ मी पुकारते नंबर," मी म्हणाले.

"सांगितलं. म्हणले, आज पंधरा मिनिटं मागतोस, उद्या नोकरी सोडशील."

मग त्यानं मोबाइलवर उत्तर लिहून पाठवलं. काय लिहिलंस विचारलं, तर मराठीत सांगितलं, "आपण म्हणाल ती वेळ चालेल. मी मोकळाच असतो."

आणि त्यानं पुढचा नंबर पुकारला.