रेघ कडेनं जाते की आरपार

आमच्या दवाखान्याच्या पुढच्या खोलीत मी त्वचेचे रोगी तपासतो आणि मागच्या खोलीत आमच्या प्रयोगशाळेच्या बाई बसतात. मी संशय घ्यायचा आणि त्यांनी तो मायक्रोस्कोपखाली तपासायचा, अशी आमची वाटणी आहे. माझे निम्मे संशय त्या मागच्या खोलीतच वारतात, आणि बाई त्यांचं सुतकही धरत नाहीत.

बाई तशा बोलक्या. नळ गळतो, नवरा घोरतो, रिक्षावाला वळसा घालून आणतो, सगळं त्यांच्याकडून कळतं. पण काचपट्टी समोर आली की तोंडाला कुलूप. गजकर्णाच्या चट्ट्यावरून बोथट पात्यानं त्या कोंडा खरवडतात, त्यावर पोटॅशचा थेंब टाकतात, वर पातळ काच ठेवतात आणि चक्क उठून जातात. पोटॅशनं कातडीच्या पेशी विरघळत जातात, बुरशीचे धागे मात्र तग धरतात. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात बाई डबा घासतात, नाहीतर माझ्या टेबलावरची धूळ पुसून मला लाजवतात. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे मायक्रोस्कोपचा उजेड कमी करणं. भगभगीत उजेडात ते धागे दिसतच नाहीत. जगात सगळे उजेड मागतात, आमच्या बाई तेवढ्या तो कमी करून मागतात.

आमच्याकडे एक नियमही आहे. अवघड काच दोघांनीही बघायची आणि दोघांचं बघून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. एकदा कानावर शब्द पडला की डोळ्यांना तोच दिसायला लागतो. जो आधी बोलेल त्यानं चहा करायचा. इतक्या वर्षांत चहा बहुतेक मीच केला आहे.

त्या सकाळी बाईंनी सासऱ्यांना बोलावून घेतलं होतं; ते मागाहून एकटेच रिक्षानं आले. हाडकुळे, हसरे गृहस्थ. डाव्या हातावर दोन गोल, खवलेदार चट्टे. खाज सुटायची, पण त्यांची तक्रार अशी काहीच नव्हती. तक्रार बाईंच्या नवऱ्याची होती. सासरे एकटे पडल्यापासून त्यांनी एक बोका पाळला होता. त्याला ते साहेब म्हणत, आणि साहेब त्याच डाव्या हातावर डोकं ठेवून झोपत. मांजरामुळे बुरशी लागते हे मुलानं कुठूनतरी ऐकलं होतं. बुरशी निघाली तर साहेबाची घरातून रवानगी, असं त्यानं जाहीर केलं होतं. वडिलांनीही मान डोलावली होती.

मी चट्टे बघितले. गोल चट्टा, घरात मांजर. मलाही बुरशीच वाटली. पण गोल दिसणारं सगळंच गजकर्ण नसतं, म्हणून कोंडा काढायला सांगितला आणि पुढच्या रोग्याकडे वळलो.

थोड्याच वेळात बाई दारात उभ्या. "बुरशी आहे, डॉक्टर. जाळंच्या जाळं आहे."

मी चपापलो. नियम मोडला होता तो बाईंनी, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता. आत जाऊन डोळा लावला, तर खरंच सगळीकडे हिरवट रेघांचं जाळं. कानात बाईंचे शब्द होतेच, मीही मनातल्या मनात औषध लिहून मोकळा झालो. मग लक्षात आलं की कोंड्याचे तुकडे अजून जाड आणि गढूळ आहेत.

"थेंब कधी टाकलात?" मी विचारलं.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आत्ताच."

आम्ही काच तशीच ठेवून बसलो. बाहेर सासरे कुणाशी तरी क्रिकेटवर बोलत होते. बाईंनी मग सगळं सांगितलं. साहेब त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर झोपतो. त्याचे केस डाळीत सापडतात. पहाटे छातीवर येऊन बसतो आणि भाडं थकवल्यासारखा रोखून बघतो. तो गेला तर बाईंना सुटल्यासारखं होणार होतं. आणि तो गेला तर म्हातारा माणूस मोकळा हात घेऊन बसून राहील, हेही त्यांना पक्कं माहीत होतं.

"मला हवं होतं म्हणून दिसलं असेल का हो?" त्यांनी विचारलं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मलाही दिसलंच की.

वेळ झाल्यावर त्या पुन्हा बसल्या. उजेड कमी केला. पेशी आता निवळल्या होत्या आणि जाळ्याची लक्तरं झाली होती. उरलेल्या रेघा कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच तुटलेल्या, आणि प्रत्येक रेघ पेशीच्या कडेकडेनं वळसा घालून जात होती. पेशींच्या फटींत साचलेल्या चरबीच्या रेघा होत्या त्या. बुरशीचा धागा असा शेजाऱ्याचं कुंपण सांभाळत जात नाही. तो सारख्या जाडीचा असतो, मध्ये आडव्या भिंती असतात, फांद्या फुटतात, आणि पेशी आड आली तर सरळ तिच्यावरून आरपार जातो. दिसतं तसं नसतं, म्हणून तर आम्हा दोघांना पगार मिळतो.

पण एवढ्यावर नाही म्हणता येत नाही. घाईत बाईंनी कोंडा चट्ट्याच्या मधून घेतला होता, जिथे तो भरपूर होता. बुरशी असलीच तर ती कडेला सापडते. त्यांनी सासऱ्यांना पुन्हा आत बोलावलं, स्पिरिटच्या बोळ्यानं हात पुसला आणि दोन्ही चट्ट्यांच्या उठलेल्या कडांवरून नवा कोंडा घेतला. थोडा मोठ्या लॅबमध्ये पेरून बघायलाही पाठवला. त्यातून पुढे काही उगवलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

यावेळी त्या पूर्ण वेळ थांबल्या. मग काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीमागून ओळ वाचत गेल्या. एके ठिकाणी त्यांचा हात थबकला आणि त्यांनी काही न बोलता मला खुणावलं. मी बघितलं. एक लांब रेघ, पेशींवरून थेट आरपार गेलेली. मी भिंग फिरवून ती आणखी जवळून बघितली. पण ती होती चांगली रुंद, चपटी, स्वतःभोवती पीळ घेतलेली, टोकाला पिंजलेली, आणि मध्ये एकही भिंत नाही. बोळ्यातलं सूत होतं ते. सुतावरून स्वर्ग गाठतात, आम्ही बोक्याला घराबाहेर काढलं असतं. बाकी कुठे काही नव्हतं. आम्ही एकमेकांकडे बघून एकदमच म्हणालो, "नाही." कातडी कोरडी पडून होणारा इसब होता तो, मलमानं बरा होणारा.

सांगायला बाहेर आलो, तर सासऱ्यांच्या पायाशी झाकणाची टोपली. ती मघाशी त्यांनी बाकाखाली सरकवली असणार. आत साहेब, त्याची वाटी आणि एक जुना स्वेटर.

"हा इथे कसा?" बाईंनी विचारलं.

"मित्राशी बोलून ठेवलं होतं," सासरे म्हणाले. "तू हो म्हणाली असतीस तर इथूनच त्याच्याकडे सोडून आलो असतो. घरी नेऊन पुन्हा निघवलं नसतं."

"तो मला नकोय, हे माहीत होतं तुम्हाला?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यालासुद्धा."

"तरी माझ्यावर सोडलंत?"

सासरे जरा गोंधळले. "काचेतलं तू खोटं कशाला बघशील?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

"बाबा, पहिल्यांदा मी हो म्हणाले होते."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग टोपलीकडे.

"आणि मग?"

"मग थांबले."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि टोपलीला हात घालायला वाकले. पण ती बाईंनी आधीच उचलली होती. त्यांनी ती मागच्या खोलीत नेली, मायक्रोस्कोपपासून लांब ठेवली, आणि गॅसवर आम्हा सगळ्यांसाठी चहाचं आधण चढवलं.