भोंग्यातली ताई

गेल्या वीस वर्षांत अमरावतीत किंवा अकोल्यात ज्यांनी सेलमधून साडी घेतली, कूलर घेतला किंवा म्हाताऱ्या आईला मोफत नेत्रतपासणीला नेलं, त्यांनी ताईंचा आवाज ऐकलेला आहे. रिक्षाच्या टपावर बांधलेल्या भोंग्यातून गल्लोगल्ली फिरणारा तो आवाज. लोक चेहरा ओळखत नसत. ताई भाजी घ्यायला गेल्या आणि ‘पालक कशी दिली’ म्हणाल्या की भाजीवाली दचकून वर बघायची, सेल कुठे लागला म्हणून.

आवाज त्यांचा, स्टुडिओ माझा. स्टुडिओ म्हणजे अमरावतीत माझ्या घराची मागची खोली. भिंतींना फोम, दाराला आतून रजई, आणि रेकॉर्डिंग चालू असताना बंद ठेवावा लागणारा एसी. दुकानदार कागदावर चार ओळी खरडून आणायचा. मी त्याचा मजकूर करायचो, ताई वाचायच्या, मागे संगीत टाकून मी ते पेनड्राइव्हवर रिक्षावाल्याला द्यायचो. ताई अकोल्याच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर अमरावतीचं, म्हणून रविवारी बसने यायच्या. आईला भेटायच्या आणि माझ्याकडे आठवड्याची रेकॉर्डिंग उरकून जायच्या. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांचं निवेदन करून करून त्यांचा गळा तयार झाला होता. मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा, पण कानावर आदळायचा नाही.

प्रत्येक जाहिरातीच्या आम्ही दोन प्रती करायचो. शहरासाठी एक: ‘ग्राहक बंधू-भगिनींनो, आपल्या सेवेत…’ आणि दर्यापूर, मोर्शी, परतवाड्याकडे जाणाऱ्या रिक्षांसाठी दुसरी: ‘काहून बसल्या घरी? या ना जी, पाहून तर जा!’ दुसरी करताना ताई माईकसमोर पदर खोचायच्या. ती ऐकून बाया खरंच घराबाहेर यायच्या.

एकदाच मोठा घोटाळा झाला. एका गावातल्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या निधनाची सूचना मी घाईत साडीच्या सेलच्या पेनड्राइव्हवरच टाकली. एक फाइल संपली की यंत्र आपोआप पुढची लावतं. रिक्षा त्यांच्याच दारासमोरून गेली. ‘अंत्ययात्रा राहत्या घरून दुपारी चार वाजता निघेल,’ ताई गंभीरपणे म्हणाल्या, आणि लगेच तुतारी वाजून, ‘त्वरा करा! ही संधी पुन्हा नाही!’ मी माफी मागायला गेलो तर मोठा मुलगा म्हणाला, “भाऊ, बाबांले सेलचा भारी नाद होता. राहू द्या.” मी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस त्या गल्लीतून गेलो नाही.

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. कुणी माझ्या पायावर पाय दिला तर ‘सॉरी’ मीच म्हणतो. मी कॅसेटवर जाहिराती सुरू केल्या तेव्हा रिक्षात माईक धरून दिवसभर ओरडणाऱ्या माणसांचं काम गेलं. तेही मला बरेच दिवस टोचत होतं. त्यांतल्या एकाने पुढे स्वतःची रिक्षा घेतली आणि माझेच पेनड्राइव्ह वाजवत फिरू लागला. मी त्याच्याजवळ विषय काढला तर तो म्हणाला, “आधी घसा दुखे, आता पाठ दुखते. तुमी काहून लोड घेऊन राहिले?”

आता माझी पाळी कशी आली ते सांगतो.

दुकानदारांना घाई झाली. सकाळी भाव ठरायचा, दुपारी बदलायचा, संध्याकाळी रिक्षा फिरायला हवी. ताईंच्या रविवारची वाट बघायला कुणी तयार नव्हतं. अशात मला एक प्रणाली सापडली. तिला एखाद्या माणसाचं काही मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग ऐकवायचं. ती तो आवाज शिकते, मग आपण टाइप करू ते त्या आवाजात बोलते. माझ्याकडे ताईंच्या आवाजाचं भांडार होतं. एका दुपारी सहज म्हणून मी शहरी जाहिरातींचे काही तुकडे तिला दिले आणि लिहिलं, ‘चहा झाला का?’

ताईंनी मला विचारलं, “चहा झाला का?” ताई तेव्हा अकोल्यात होत्या.

मी संगणक बंद केला आणि खरंच चहा करून प्यायलो.

इथेच थांबायला हवं होतं. पण पुढच्याच आठवड्यात एक गादीवाला दारात येऊन बसला. संध्याकाळपर्यंत जाहिरात हवी, नाहीतर तो दुसरीकडे चालला होता. मी मजकूर टाइप केला. गावाकडची प्रतही तशीच केली. ताईंना विचारलं नाही. रिक्षा गेली, गादीवाला खूश झाला. मग त्या रविवारी मी ताईंना फोन करून सांगितलं की काम नाही, येऊ नका. त्यापुढच्या प्रत्येक रविवारीही तेच. त्या फक्त “बरं” म्हणायच्या. त्यांच्या त्या ‘बरं’ने माझी झोप गेली. बायको म्हणाली, “जाऊन सांगून टाका एकदा. तुम्हाला नाही तर मला तरी झोप लागू द्या.”

मी अकोल्याला निघालो. ताईंना सांगायचं होतं की त्यांचं काम संपलं आणि त्यांचा आवाज मी त्यांना न विचारता वापरला. असं रिकाम्या हाताने कसं सांगायचं, म्हणून त्यांना आवडतो तो अमरावतीचा गिला वडा बांधून घेतला. दह्यात बुडालेला वडा बसने नेणं ही शहाण्या माणसाची कल्पना नव्हे. मूर्तिजापूर येईपर्यंत दही पिशवीतून माझ्या पँटवर आलं होतं.

अकोल्याच्या बसस्टँडबाहेर उभा राहून पँट पुसत होतो, तेवढ्यात समोरून रिक्षा गेली. भोंग्यातून ताई म्हणत होत्या, “अवो बाई, मोटार जळली म्हणून काहून रडून राहिली? आमी हाओ ना!”

विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याची जाहिरात. हे माझं जुनं गिऱ्हाईक, आणि ही जाहिरात मी केलेली नव्हती. आधी मला चोरीचा संशय आला, मग आठवलं की चोर तर मीच आहे. दह्याची पिशवी घेऊन मी ताईंच्या घरी पोचलो.

“या जी, भाऊ. जय भीम,” ताईंनी दार उघडलं. नजर पँटवर गेली. “हे काय झालं?”

“गिला वडा.”

“आणला का घालून आले?”

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. सगळं एका दमात सांगितलं: प्रणाली, गादीवाला, रविवार. ताई वड्यातलं उरलेलं दही वाटीत काढत ऐकत होत्या.

“माहीत हाये मले,” त्या म्हणाल्या. “माह्या बहिणीनं ऐकलं दर्यापुरात. तिचा फोन आला, ‘तुह्या जिभेले काय झालं वं? तू पुण्याची कधी झाली?’ भाऊ, तुमी मले मेली समजून घेतलं असतं तरी चाललं असतं, पण पुण्याले काहून नेऊन टाकलं?”

मला काय चुकलं ते तेव्हा कळलं. मी यंत्राला फक्त शहरी प्रती ऐकवल्या होत्या. गावाकडची जाहिरात ते वऱ्हाडी शब्दांत, पण पुण्याच्या सुरात बोललं होतं.

“मग ती मोटारची जाहिरात?”

ताई पहिल्यांदाच अवघडल्या. त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली, चमचा दिला, पाणी दिलं. द्यायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाल्या, “ते मीच केलं.”

त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. लाकडी कपाट उघडलं. आत सगळ्या गोधड्या टांगलेल्या आणि मध्ये हातभर जागा. तिथे तोंड घालून ताईंनी तासभर निव्वळ वऱ्हाडी रेकॉर्ड केली होती: भांडण, विनवणी, टोमणे, पाहुण्यांना जेवणाचा आग्रह. तेच त्यांनी फोनवरच्या तशाच एका प्रणालीला शिकवलं होतं. आता लोक फोनवर मजकूर पाठवत होते, ताई चहा उकळेपर्यंत जाहिरात परत पाठवत होत्या. बियाण्यांच्या आणि पंपांच्या कंपन्या शेतकऱ्यांसाठी मोबाइलवर व्हिडिओ करतात. त्यांनाही हाच आवाज हवा होता.

“आधी दुकानवालाच जाहिरात करे,” त्या म्हणाल्या. “स्टुडिओ, संगीत, वाट पाहा, परवडेच कोणाले? आता पापडवाल्या बाया करून राहिल्या, शिकवणीवाला करून राहिला. काम वाढलं, भाऊ. कमी नाई झालं.”

“आणि मले सांगितलं नाही?” माझ्याही तोंडातून घरचंच निघालं.

“कसं सांगू? तुमी रडसान म्हणून. रोज ठरवे, रोज राहून जाय. तुमी ‘येऊ नका’ म्हणाले तर मले इतकं बरं वाटलं का काय सांगू!”

म्हणजे त्यांचं काम संपलं हे सांगायला मी नव्वद किलोमीटर आलो होतो, आणि संपलं होतं ते माझं. आवाज लागणारच होता. फोम लावलेली खोली आणि तिचा मालक, यांची गरज उरली नव्हती. तिची जागा गोधड्यांच्या कपाटाने घेतली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. पण अनेक आठवड्यांत पहिल्यांदा मी कुणाचाच गुन्हेगार नव्हतो, आणि मला हसूच आलं. ताईही हसायला लागल्या. आवाजावरून शेजारीण डोकावली, कुठे सेल लागला का ते बघायला.

“पण मी आता करू काय?” हसू ओसरल्यावर मी विचारलं.

“मजकूर लिहा ना माह्यासाठी. वऱ्हाडी बोलते मी, पण लिहायले बसली का शाळेचा निबंध होते. आणि ती खोली…” ताई थांबल्या. त्यांची मुलगी अमरावतीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. “पोरगी रोज फोनवर बोंबलते. म्हणते, आई, अभ्यासाले बसलं का तूच रस्त्यावरून ओरडत जाते. तुमची खोली तर बाहेरचं काहीच आत येऊ देत नाई.”

परत येताना पिशवी रिकामी होती आणि पँट वाळली होती.

आता माझ्या खोलीत माईक नाही, अभ्यासिका आहे. भिंतीला टेबलं लावली आहेत, प्रत्येकावर दिवा आणि चार्जिंगचा सॉकेट. दाराबाहेर चपलांचा ढीग असतो आणि एसी दिवसभर चालू असतो. ताईंची मुलगी दाराजवळच्या टेबलाशी बसते. मी बाहेर ओट्यावर बसून ताईंसाठी मजकूर लिहितो. बियाण्यांचा, पापडाचा, क्वचित निधनाचाही. तो मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो.

परवा दुपारी मी आत पंख्याचं बटण बघत होतो. फोमच्या भिंतीमागून काही ऐकू येत नाही, पण रिक्षा गेली की दार किंचित थरथरतं, ते मला ओळखीचं आहे. मी दार बोटभर उघडलं. ‘या ना जी, पाहून तर जा,’ ताई म्हणत होत्या. मजकूर माझा होता. सुरात पुणं कुठेच नव्हतं. ओळ संपेपर्यंत ऐकावं म्हणून मी दार आणखी थोडं लोटलं.

मागून ताईंच्या मुलीने पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, “काका, दार!”

मी सॉरी म्हणालो आणि लावून घेतलं.