हिरव्या गोलातला ‘आ’

लहान मुलांना बोलायला शिकवणं हे माझं काम. बंगळुरात, येलहंक्याच्या माझ्या क्लिनिकमध्ये सहा वर्षांची एक मुलगी यायची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, कानात इम्प्लांट बसवल्यावर शब्द शिकली. जूनमध्ये तिला साध्या शाळेत घालायचं होतं, आणि शाळेची अट अशी, की तिचं बोलणं परक्या माणसाला समजलं पाहिजे. सुट्टीआधी तिचा ‘आ’ स्वच्छ होता. सुट्टीनंतर आली ती ओठांचा चंबू करून, गळा खाली ओढून, आणि ‘आ’च्या जागी घोगरं ‘ऑ’ काढत. माझं डोकंच फिरलं.

आईनं कौतुकानं फोन पुढे केला. त्यात सरावाचं ॲप होतं. स्वर बरोबर आला की ठिपका हिरव्या गोलात पडतो म्हणे. आधी एकही पडत नव्हता, रोज घोकून घेतलं तेव्हा कुठे पडायला लागला. अहो, तुम्हाला स्वतःचे कान आहेत ना, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

ॲपवाल्या इंजिनिअरला फोन लावला. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला तो मला शांतपणे समजावत राहिला, की गणित तपासलेलं आहे, चुकत असेल तर मुलगीच. नाचता येईना अंगण वाकडं!

“गोल कुणाच्या आवाजावरून आखलेत?” मी विचारलं.

“माझ्याच. टेस्टिंगला मीच होतो ना, मॅडम.”

घ्या! मी कपाळावर हात मारला. अरे बाबा, गळ्यापासून ओठांपर्यंत ही एक नळी आहे, स्वरयंत्राशी बंद, ओठांशी उघडी. तुझी नळी सतरा सेंटीमीटरची. साधा ‘अ’ म्हणालास की ती पाचशे, दीड हजार, अडीच हजार हर्ट्झच्या आसपास घुमते. जीभ हलली की हे आकडे सरकतात, म्हणून स्वर वेगळे ऐकू येतात. हिची नळी जेमतेम बारा सेंटीमीटरची. तिचे सगळे आकडे तुझ्यापेक्षा वर असणारच. तुझ्या गोलात शिरायचं तर पोरीनं करायचं काय? ओठ पुढे काढायचे, गळा खाली दाबायचा, नळी लांबवायची. तेच केलं तिनं. मग तो म्हणाला, ॲपमध्ये मुलाचं वय विचारायचं राहून गेलं.

राहून गेलं म्हणे!

पुढे ती सवय सुटली, शाळाही मिळाली. पण त्या दुपारी मी फोन पालथा ठेवला, मुलीचे ओठ बोटांनी सैल केले आणि म्हटलं, आता आईला हाक मार. ती पुन्हापुन्हा फोनकडे बघायची आणि चंबू करायची. बऱ्याच वेळानं एकदाची सरळ, मोकळी ‘आई’ आली.

मला वाटलं, आई हसेल. ती मान खाली घालून बसली.

“मॅडम, सुट्टी लागली तेव्हा ती मला अशीच हाक मारायची,” ती म्हणाली. “मीच रोज ‘चूक, परत म्हण’ म्हणायचे.”