वायरमनची तक्रार

तक्रार घेऊन आलेल्या माणसाला सरळ करणं, हे आमच्या दातांच्या दवाखान्यात माझं खातं. कवळी टोचते, सैल होते, बोलताना वाजते, सुनेला आवडली नाही. सगळं मी ऐकून घेते आणि निम्म्यांना दारातूनच वाटेला लावते. आमच्या डॉक्टरीणबाई हुशार, पण स्वभावाने गरीब. कोणी आवाज चढवला की त्या लगेच माफी मागायला लागतात. म्हणून मध्ये मी. पण एक तक्रार अशी आली, की भांडायचं सोडून मी मटकन खुर्चीत बसले.

ती वायरमनची. घरोघरी वायरिंग करणारा माणूस, एकेकाळी हातच्या कसबासाठी फार वाखाणलेला. आमचा दवाखाना इस्पितळाच्या तळमजल्यावर आणि व्यसनमुक्तीचा वॉर्ड बरोबर डोक्यावर. तिथूनच त्याला खाली पाठवला होता. सोबत बायको. मी तिला सहज विचारलं, "वडील का तुमचे?"

"नवरा आहे," ती म्हणाली. "आम्ही एका वर्गात होतो."

घ्या! जीभ चावली मी. पण माझी तरी काय चूक? गाल खोल गेलेले, कातडी करपट, तोंडावर आणि हातांवर जुन्यानव्या खपल्या. मी बघतेय हे त्याने बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "कातडीखालून किडे चालायचे, मावशी. नव्हते, हे आता कळतं. तेव्हा नखांनी उकरून काढायचो. जखम भरू द्यायचीच नाही, परत उकरायची."

मग त्याने तोंड उघडलं. जन्म गेला माझा लोकांची तोंडं बघण्यात, पण माझा आ त्याच्यापेक्षा मोठा झाला. पुढचे दात हिरडीपाशी काळे पडून पोखरलेले, मागे नुसते खुंट. मला वाटलं, नशेच्या विषाने दात जाळले असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसतं तसं नाही. ह्या नशेत लाळ आटते, आणि लाळच दात राखते. तोंडाला कोरड पडली की माणूस दिवसभर गोड पेयं ढोसतो. जबडा आवळून दातावर दात घासतो. आणि दोन-दोन दिवस जागणाऱ्याला ब्रश कुठला आठवतो?" दात वाचवण्यासारखे नव्हतेच. सगळे काढायचे ठरले.

काढताना रोज थोडं थोडं कळत गेलं. मोठ्या इमारतीचं काम, रात्रपाळी, आणि सोबतच्या कोणीतरी पुढे केलेली मेथॅम्फेटामाइनची पुडी. 'क्रिस्टल' म्हणायचे तिला. "झोप नाही, भूक नाही, थकवा नाही. मी स्वतःला राजा समजायचो," तो म्हणाला. पहिल्यांदा कामासाठी, मग कामाच्या जागी तेच. अशी वर्षं गेली. शेवटी शेवटी त्याला भिंतीत कोणीतरी बोलणं ऐकत बसलंय असं वाटायचं. म्हणून ह्या शहाण्याने स्वतःच्याच घराचा एकेक स्विचबोर्ड उघडला, भिंती फोडल्या, वायरी उपसून काढल्या. बायको अडवायला गेली तर तिच्यावर हात उगारला. ती बहिणीकडे निघून गेली. तो वॉर्डात भरती झाल्यावरच ती परत आली.

"का आलात परत?" मी तोंडावर विचारलं. मला असले प्रश्न पोटात ठेवता येत नाहीत.

"तो पूर्वी किती हसवायचा हो," ती म्हणाली. "तेवढं परत मिळतंय का बघते."

आणि नेमकं तेच मिळत नव्हतं. झोप आली, भूक आली, अंग भरलं, खपल्या गेल्या, डाग तेवढे राहिले. हिरड्याही भरून आल्या. पण चेहरा कोरा. एकदा खुर्चीत पडल्या पडल्या तो मला म्हणाला, "मावशी, बायकोने आवडीचं केलं की कळतं, चांगलं आहे. पण वाटत नाही काही. कशाचंच नाही. आणि पुडी घेतली तर मिनिटात वाटेल, हेही कळतं."

हा माणूस उठून चालू लागला तर त्याला कोण अडवणार? हाताला धरून मी त्याला वरच्या डॉक्टरांकडे नेलं, बायकोलाही बोलावलं. ते म्हणाले, "खोटी आशा देणार नाही. मेंदू आनंद जरा जपून खर्च करतो. नशेने तो वर्षानुवर्षं भसाभसा उधळला, म्हणून आता साधी गोष्ट पुरेनाशी झालीय. विसरभोळेपणा, चिडचिड, सगळं त्यातलंच. बऱ्याच जणांचं बरंचसं भरून येतं, पण वर्ष लागतं, कधी जास्तही. सगळं येईलच असं नाही."

"तोवर?" बायकोने विचारलं.

"तोवर, घरी सोडलं तरी, रोज इथल्या गटात येऊन बसायचं. वाटो न वाटो."

तो येऊन बसायचा. बसता बसता कवळीच्या मापाचा दिवस उजाडला. आधी मेणाचा साचा तोंडात बसवतात आणि माणसाला हसायला लावतात. हसताना वरचा ओठ कुठवर चढतो तिथे रेघ मारायची, म्हणजे दात किती लांब लावायचे ते ठरतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हसा." त्याने ओठ ताणले. ते हसणं नव्हे, ओठांची कवायत.

मग मी पुढे सरसावले. दात उपटायला दोन मिनिटं लागतात आणि एवढी फी, अशी कुरकुर करणाऱ्या पेशंटला डॉक्टर म्हणतो, 'हवं तर अर्धा तास लावून उपटतो', तो विनोद सांगितला. माझ्या नणंदेच्या घोरण्याची नक्कल केली. बाहेर बाकावरची माणसं खिदळली. त्याने शांतपणे विचारलं, "झालं का, मावशी?"

कपाळ माझं! शेवटी डॉक्टरीणबाईंनी अंदाजाने रेघ मारली. कवळी छान झाली. तो नीट चावायला लागला, नीट बोलायला लागला, आणि आमच्याकडे यायचा थांबला. वर मात्र रोज जातो, असं जिन्यावर भेटणारी त्याची बायको सांगायची. मी विचारायचे, "हसला का?" ती नाही म्हणून मान हलवायची.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी दोघं दारात उभे. बायको तावातावाने म्हणाली, "तक्रार आहे! वरचे दात आखूड लागलेत. ह्याचं वरच्या हिरडीचं गुलाबी प्लास्टिक दिसतं."

मी सवयीने कंबर कसली. "इतके दिवस बरं दिसलं नाही?"

"इतके दिवस दिसत नव्हतंच," ती म्हणाली. "हसताना दिसतं."

वायरमन कान खाजवत सांगायला लागला. घराची वायरिंग तो हळूहळू परत घालत होता. डोकं अजून पहिल्यासारखं चालत नाही, तर कुठलीतरी तार कुठेतरी जोडली गेली. बायकोने न्हाणीघराचा दिवा लावला आणि दारावरची घंटा वाजली. ती धावत दार उघडायला गेली, बाहेर कोणी नाही. परत बटण दाबलं, परत घंटा. तिसऱ्या वेळी ती लाटणं घेऊन जिन्यात उभी राहून शेजारच्या पोरांना शिव्या घालत होती. "आणि मला, मावशी, पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी वाटलं उलटी आहे." हे सांगता सांगता त्याला परत हसू फुटलं, ओठ थेट वर चढला, आणि खरंच, गुलाबी पट्टी लख्ख दिसली.

"पोरांना उगाच बोलले मी," बायको रडत हसत होती.

मी मटकन बसले ती तेव्हा. आतून डॉक्टरीणबाई आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "माफ करा हं, चूक आमचीच."

"चूक तर चूक, पण काय सुंदर चूक केलीत!" मी ओरडले आणि मेण गरम करायला ठेवलं.