पावणेएकचा गुन्हेगार

त्या सकाळी शिरूरच्या आमच्या दूध संघात मी पोहोचले तेव्हा मॅनेजर साहेब माझ्याआधी हजर होते. ही एकच गोष्ट मोठा घोळ झाल्याचं सांगायला पुरेशी होती. एरवी ते यायचे तेव्हा शिपायाचा दुसरा चहा झालेला असायचा.

घोळ असा होता. गावोगावच्या संकलन केंद्रांवर शेतकरी दूध घालतात, त्याचं वजन काट्यावरून थेट आणि फॅटचा आकडा ऑपरेटरच्या हातानं सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर भर संकलनाच्या वेळी बंद पडला होता. केंद्रांवर रांगा लागल्या, कागदावर नोंदी सुरू झाल्या आणि संघात संगणक सांभाळणारी मी एकटीच असल्यामुळे माझ्या मोबाईलला उसंत नव्हती. खुटबावच्या केंद्रावरून एक आजोबा ओरडत होते, "मॅडम, सर्व्हर डाऊन हाय त्ये म्हशीला कसं सांगू? तिनं दिलंय दूध, आता काय आचळात परत घालू व्हय?"

सर्व्हर आमच्या इमारतीत नाही. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं तो भाड्यानं कुठंतरी ठेवलाय. मला त्याला हात लावता येत नाही. त्याचा लॉग तेवढा उतरवून घेता येतो. लॉग म्हणजे सर्व्हरनं दर क्षणाला स्वतःबद्दल लिहिलेली ओळ. अमुक युजर आत आला, तमुक नोंद झाली, अमुक काम जमलं नाही. लाखो ओळी असतात आणि सुखाचे दिवस चालू असताना कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही.

नऊच्या सुमारास कंपनीच्या इंजिनिअरनं सर्व्हर चालू केला आणि फोनवर निकालही देऊन टाकला. "डिस्कवरची जागा संपली होती मॅडम, म्हणून डेटाबेस बंद पडला. आम्ही तात्पुरत्या फायली साफ केल्या. आमच्या बाजूनं सगळं ओके आहे. तुमच्याच कुठल्या तरी युजरनं काहीतरी अवजड अपलोड केलं असणार."

'तुमच्याच युजरनं' हे दोन शब्द मॅनेजर साहेबांच्या कानात बरोबर जाऊन बसले. त्यांनी मला लॉगची शेवटची पानं प्रिंट करायला लावली. मी म्हटलं, "साहेब, शेवट बघून काही कळणार नाही. डेटाबेस बंद पडल्यावर जो तो 'जोडणी नाकारली, जोडणी नाकारली' असंच ओरडत राहतो. त्या सगळ्या ओळी रडणाऱ्यांच्या आहेत, मारणारा वर कुठंतरी आहे."

"तुम्ही प्रिंट काढा."

काढल्या. साहेब लाल पेन घेऊन बसले. 'जोडणी नाकारली' या एकाच वाक्याखाली त्यांनी पानामागून पान रेघा मारल्या. मग मागं जाता जाता त्यांना एक वेगळी ओळ सापडली. दौंडच्या शीतकरण केंद्रातल्या ऑपरेटरांचा युजर आयडी, लॉगिन केल्याची नोंद आणि वेळ शून्य पंचेचाळीस. त्यानंतर थोड्याच वेळात सर्व्हर मेला होता.

"रात्री पावणेएकला," साहेब हळूच म्हणाले. "रात्री पावणेएकला हा माणूस सर्व्हरमध्ये काय करत होता?"

आता हे ऑपरेटर कोण, ते सांगायला हवं. पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचं मुसलमान कुटुंब कैक पिढ्यांपासून दौंडला आहे. त्यांचा एक दोष होता. फॅट तपासायच्या यंत्रावर जो आकडा येईल तोच ते लिहायचे. संघाचे अध्यक्ष आप्पा यांच्या भाच्याच्या दुधाचा आकडाही ते तसाच लिहायचे. संघात एवढा दोष पुष्कळ होतो. त्यामुळे साहेबांना ती ओळ सापडली तेव्हा त्यांचा चेहरा धक्का बसलेल्या माणसाचा नव्हता, हरवलेली किल्ली सापडलेल्या माणसाचा होता.

फोनवरच मामांना कामापासून दूर राहायला सांगितलं गेलं. चौकशीसाठी जीप निघाली. मलाही बसवलं, कारण 'टेक्निकल बाजू' सांगायला कुणीतरी हवं होतं. लॉगची पूर्ण फाईल लॅपटॉपवर उतरवून घेऊन मी मागच्या सीटवर बसले. पुढं साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, "घातपात आहे, आप्पांच्या वाढदिवसालाच केलाय बघा."

खरंच, त्या दिवशी अध्यक्षांचा वाढदिवस होता. रस्त्यानं जाताना ते दर चौकात फ्लेक्सवरून आमच्याकडे बघून हात जोडत होते.

मी वाचायला लागले. खालून वर जायचं आणि पहिलं काय मोडलं ते शोधायचं, एवढाच माझा मंत्र. 'जोडणी नाकारली'चा ढीग ओलांडून वर गेले. त्याच्यावर डेटाबेस बंद झाल्याची ओळ. तिच्याही वर त्या दिवसाची पहिली चूक होती. मी ती दोनदा वाचली आणि जीपमध्येच तोंडावर ओढणी धरली. सर्व्हरनं इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा : शुभेच्छा-चित्र साठवता आलं नाही, डिस्कवर जागा शिल्लक नाही.

सर्व्हरवर सगळ्यात आधी मेली होती ती शुभेच्छा. डेटाबेस तिच्या मागून गेला.

पण पहिली चूक म्हणजे सुरुवात नव्हे. डिस्क एका क्षणात भरत नाही. म्हणून अजून वर गेले. तिथं एकही चूक नव्हती. साध्या, माहिती देणाऱ्या ओळी होत्या आणि त्यांतली एकच परत परत येत होती : शुभेच्छा-चित्र तयार केलं, प्रत साठवली. कासुर्डीच्या केंद्राला एक प्रत, खुटबावला एक, परत कासुर्डीला एक. रात्रभर चाललं होतं हे. केंद्रांवरचे संगणक कुणी बंद करत नाही, आणि त्यांचा पडदा थोड्या थोड्या वेळानं आपोआप ताजा होतो. दर वेळी सर्व्हर त्या पडद्यावर झळकवायला आप्पांचा मूळ फोटो उचलायचा, तो लहान करायचा, नवी प्रत साठवायचा, आणि जुनी पुसायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मूळ फोटोही साधा नव्हता, फ्लेक्स छापायला दिलेली तीच अजस्र फाईल होती. लहान केलेल्या प्रतीसुद्धा चांगल्या धष्टपुष्ट निघत होत्या.

त्या ओळींचा माग काढत मी आदल्या दिवशीच्या सकाळपर्यंत गेले. तिथं कंपनीनं सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवल्याची नोंद होती, आणि तिच्या आधी शुभेच्छा-चित्राचा शब्दही नव्हता. ती आवृत्ती कुणाच्या आग्रहावरून आली ते मला लॉगनं सांगायची गरज नव्हती. 'दुधाच्या आकड्याच्या आधी आप्पांचं दर्शन झालं पाहिजे' हे साहेबांचं वाक्य मी स्वतःच कंपनीला कळवलं होतं.

राहता राहिला तो रात्रीचा पावणेएक. खरं सांगायचं तर मला तो तेव्हाच खटकला होता. पावणेएकला सर्व्हर पडला, तर केंद्रांवरून सकाळचं दूध चालू असताना बोंब का झाली? मधले पाच-सहा तास सगळं सुरळीत कसं? आणि रात्रीच्या त्या ओळींमध्ये शेकडो शेतकऱ्यांच्या दुधाच्या नोंदी का होत्या? आमच्या भागातल्या गाई मध्यरात्री दूध देत नाहीत.

दौंडच्या केंद्रावर मामा गेटाच्या आतल्या बाकावर बसले होते. साहेबांना बघून उभे राहिले. साहेबांनी प्रिंट त्यांच्यापुढं धरली.

"हा तुमचा आयडी?"

"व्हय, माझाच हाय."

"मग रात्री पावणेएकला इथं काय करत होता?"

"साहेब, रात्री म्या घरी झोपलो हुतो. सकाळी सव्वासहाला आलो, आल्या आल्या लॉगिन केलं. रोज करतो तसं."

"मशीन खोटं बोलतंय का मग?"

मामा काही बोलले नाहीत. मला त्या शांततेचा राग आला. त्यांचा नव्हे, ती त्यांच्या अंगवळणी पडली होती याचा.

मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत?"

"सव्वाअकरा. त्याचं काय?"

मी माझ्या आयडीनं लॉगिन केलं, लॉग परत उतरवला आणि शेवटची ओळ त्यांना दाखवली. माझं नाव, लॉगिन, वेळ पाच पंचेचाळीस.

"हे बघा, आत्ता मी पहाटे पावणेसहाला आत शिरलेय. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत लिहितो, आपल्याहून साडेपाच तास मागं. शून्य पंचेचाळीसमध्ये साडेपाच तास मिळवा."

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. मग परत केला. उत्तर दोन्ही वेळा सव्वासहाच आलं.

"म्हणजे हे संकलन चालू असताना..." ते म्हणाले.

"हो. आणि मामांनी काहीच अपलोड केलेलं नाही. नुसतं लॉगिन आहे. डिस्क ज्यानं भरली त्याच्या ओळी मी वेगळ्या काढल्यात." आणि मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

साहेबांनी वाचलं. शुभेच्छा-चित्र, शुभेच्छा-चित्र, शुभेच्छा-चित्र. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पैसे देऊन पाहिलं असतं. मामांनी मान लांब करून पडद्यात डोकावलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "म्हंजी आप्पांच्या फोटूनं सर्व्हर बसला व्हय?"

"फोटोनं नाही," साहेब घाईघाईनं म्हणाले. "फोटोच्या फायलीनं."

कंपनीला फोन लावला. 'आमच्या बाजूनं ओके' म्हणणाऱ्या इंजिनिअरला मी ओळ वाचून दाखवल्यावर 'एक छोटा बग' आठवला. डिस्क तोवर परत भरत चालली होती. आणखी एका संकलनात पुन्हा तेच झालं असतं. मी म्हटलं, चित्र आत्ता काढून टाका. साहेब म्हणाले, "आज काढू नका! वाढदिवस आहे!" तेव्हा इंजिनिअरनं एकच प्रत करून तीच सगळीकडे दाखवायची सोय केली. हे पहिल्यापासून करता आलं असतं. संध्याकाळचं दूध आप्पांच्या साक्षीनं बिनघोर पार पडलं.

परतताना जीपमध्ये साहेबांनी आधी ती प्रिंट घडी करून खिशात घातली. नंतर म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय लिहाल?"

"जे झालं ते."

"'तांत्रिक कारणास्तव' लिहा. ते पण खरंच आहे ना?"

मी सगळं लिहिलं, ओळी जोडल्या. संचालकांपुढं गेला तो रिपोर्ट एका पानाचा होता आणि त्यात तांत्रिक कारण तेवढं उरलं होतं. मामांना दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं. 'गैरसमज झाला' असं त्यांना कुणी म्हटलं नाही, लेखी काही देणं तर दूरच. उलट सर्व केंद्रांना परिपत्रक गेलं : ऑपरेटरांनी विनाकारण लॉगिन करू नये.

पुढच्या सभेत सर्व्हर तातडीनं पूर्ववत केल्याबद्दल मॅनेजर साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्कार अध्यक्षांच्याच हस्ते. भाषणात साहेबांनी साडेपाच तासांचा फरक असा काही समजावून सांगितला, की तो त्यांनी स्वतः शोधला असं मलाही क्षणभर वाटलं. मामा माझ्या शेजारी बसले होते. टाळ्या वाजवायला लागले तसं मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "वाजवा मॅडम, न्हाईतर आपलं दोघांचंच हात रिकामं दिसत्यात."

मी वाजवल्या.