घसाऱ्याचे हजार रुपये

हिंगोलीच्या स्टेशनाजवळ कापसाची एक जिनिंग होती. तिथं मी हिशेबाच्या चोपड्या लिहायला होतो. मालक दोघे. थोरले मालक गावातलेच. त्यांचा निम्मा जन्म गादीवर गेलेला. दुसरे भागीदार कळमनुरीकडचे जमीनदार. आम्ही सगळे त्यांना दादासाहेब म्हणत असू. त्यांची हळद चांगली व्हायची, आणि त्याच पैशातून त्यांनी जिनिंगमध्ये निम्मा वाटा घेतला होता.

जुनं वाफेचं इंजिन दर हंगामात चार-पाच दिवस तरी बंद पडायचं. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहायच्या, आणि शेतकरी शिव्या घालत दुसऱ्या जिनिंगकडे वळायचे. शेवटी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून तेलाचं इंजिन आणि सरकी काढायचे नवे चरखे घ्यायचा विषय निघाला. किंमत चाळीस हजार. निम्मे रोख, आणि उरलेले वीस हजार दरसाल पाच-पाच हजारांच्या चार हप्त्यांत. आमचा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि त्याच सुमारास संस्थानाचा नवा इन्कमटॅक्स लागू झाला होता. आमच्या नफ्यावर रुपयामागं चार आणे बसणार, असा माझा हिशेब होता.

नव्या यंत्रानं वर्षाला साडेसहा हजार जास्तीचे सुटतील, असा अंदाज निघाला. थोरल्या मालकांनी कागद पुढं ओढला.

"साडेसहा हजारातून घसाऱ्याचे चार हजार गेले," ते म्हणाले. "राहिले अडीच. त्यातून टॅक्स. मग पाच हजारांचा हप्ता कुठून भरायचा?"

"मालक, घसारा खिशातून जात न्हाई," मी म्हणालो. "यंत्राचे पैसे आपण घेताना देतो अन् हप्त्यांत देतो. घसारा म्हणजे यंत्र वर्षात किती झिजलं, त्याचा चोपडीतला आकडा. पण सरकार तो नफ्यातून वजा धरू देतं."

मी पाटीवर मांडून दाखवलं. घसारा धरलाच नाही, तर साडेसहा हजारांवर टॅक्स सोळाशे पंचवीस. हाती उरणार अठ्ठेचाळीसशे पंच्याहत्तर. हप्त्याला सव्वाशे कमी. घसारा धरला, तर टॅक्स फक्त अडीच हजारांवर, म्हणजे सव्वासहाशे. हाती अठ्ठावन्नशे पंच्याहत्तर. हप्ता भरून पावणेनऊशे उरतात. चार हजारांच्या घसाऱ्यानं टॅक्सचे हजार रुपये वाचले होते. यंत्राची कमाई तीच होती, सरकारकडे मात्र हजार कमी जात होते.

"दरसाल हजार?" दादासाहेबांनी विचारलं.

"न्हाई. घसारा उरलेल्या किमतीवर दहा टक्के बसतो. दुसऱ्या साली छत्तीसशे, म्हणजे नऊशे वाचतील. तिसऱ्या साली आठशे दहा. दरसाल कमी होत जाईल, पण चारी हप्ते निघतात."

थोरल्या मालकांनी पाटीवरचे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग दादासाहेबांनी तो प्रश्न विचारला. "आन कापूसच आला न्हाई तर?"

"इतक्या वर्षांत एकदा तरी असं झालंय का, दादासाहेब?" मी म्हणालो आणि हसलो.

त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. नफाच झाला नाही तर टॅक्स नाही, आणि टॅक्स नाही तर वाचवायलाही काही नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते मी बोललो नाही. पाटीवरचा हिशेब इतका चोख बसला होता की त्याला डाग लावायला हात धजेना.

इंजिन दिवाळीआधी आलं. रेल्वेच्या वाघिणीतून उतरवून पाच बैलजोड्यांनी ते ओढत आणलं. सुरू झालं तेव्हा त्याचा ठोका स्टेशनापर्यंत ऐकू जात होता. थोरल्या मालकांनी स्वतः नारळ फोडला.

आणि तो हंगामच आला नाही. ते संस्थानातल्या लढ्याचं, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचं धामधुमीचं साल होतं. वऱ्हाडच्या हद्दीवरून गाड्या येईनात, शेतकरी रस्त्यावर माल काढायला भीत होते, कित्येक कुटुंबं गाव सोडून हद्दीपलीकडं गेली होती. इंजिन मोजके आठवडे चाललं. मजुरी, तेल, मिस्त्रीचा पगार जाऊन सालअखेरीला नफ्याच्या रकान्यात शून्य राहिलं.

हप्त्याची तारीख आली तेव्हा दादासाहेब कळमनुरीहून आले. पेढीवर बसले, पाणी प्याले, आणि शांतपणे म्हणाले, "तुमचे ते टॅक्सचे हजार काढा बरं. बाकीचं आमी बघतो."

"ते... नफा झाला असता तर वाचले असते, दादासाहेब. आता टॅक्सच बसणार न्हाई."

"म्हंजे ते हजार नव्हतेच?"

"यंदा न्हाईत. घसारा वाया जात न्हाई, तो पुढच्या नफ्यातून वजा होईल. पण आज हातात काही न्हाई."

"मग हे तवाच काहून सांगितलं न्हाई?"

मी चोपडी मिटून बाजूला ठेवली. थोरले मालक खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी माझी बाजूही घेतली नाही आणि मला दोषही दिला नाही. तेच जास्त लागलं.

मुंबईच्या व्यापाऱ्यानं माणूस पाठवला होता. हप्ता चुकला तर इंजिन उचलून नेऊ, असा त्याचा निरोप होता. दादासाहेबांच्या कोठारात हळदीची पोती भाव वाढायची वाट बघत होती. ती त्यांनी पडत्या भावानं विकली आणि पाच हजारांपैकी मोठा वाटा स्वतः भरला. पुढं पावसाळ्यात भाव वाढले. त्या पावसाळ्यातच त्यांनी आपला हिस्सा थोरल्या मालकांना देऊन टाकला. "शेतीतलं नुकसान डोळ्यांना दिसतं," एवढंच ते बोलले.

घरी मी आठवडाभर नीट जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, हिशेब चुकला. ती म्हणाली, "मग बराबर करा." पण हिशेब चुकलेलाच नव्हता, हे तिला कसं सांगणार?

अठ्ठेचाळीसच्या शेवटी, संस्थान भारतात आल्यावर, गाड्या पुन्हा येऊ लागल्या. फाटकाबाहेर रांग लागली, नवं इंजिन दिवसभर चालू लागलं. हप्त्याच्या त्या दिवसानंतर थोरल्या मालकांनी पहिल्यांदाच मला हिशेबाचं विचारलं, "मागच्या सालाचा चार हजारांचा घसारा यंदाच्या नफ्यातून जाईल का?"

"जाईल. यंदाचे छत्तीसशे अन् ते चार हजार. नफा शहात्तरशेच्या वर गेला, तर एकोणीसशे टॅक्स वाचेल."

"त्यातले हजार मागच्या सालाचे. तवा दादा भागीदार होते. पाचशे त्यांचे."

कायद्यानं ते त्यांचे नव्हते, आणि टॅक्स वाचायलाही अजून अवकाश होता. तरी मालकांनी पेटीतून पाचशे काढून मला कळमनुरीला पाठवलं.

बाजाराचा दिवस होता. दादासाहेब बियाण्याच्या हळदीचा भाव करत उभे होते. मी बाजूला बोलावून थैली दिली, कशाचे पैसे ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पैसे न मोजता थैली खिशात टाकली.

"तुमचा हिशेब खरा निघाला म्हणायचा," ते म्हणाले.

"दादासाहेब, माझी चूक झाली होती."

"व्हय, झाली होती."

त्यांनी मला चहा पाजला. इंजिन कसं चालतं, मिस्त्री तोच आहे का, एवढंच विचारलं. मग ते परत हळदीच्या ढिगाकडं गेले, आणि मी नांदेडकडून येणाऱ्या मोटारीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.