रुपानं कापलेलं इंटिग्रल

लाखांदूरच्या एका ज्युनियर कॉलेजात मी तेवीस वर्षं गणित शिकवतो. माझा राग सगळ्या तालुक्याला माहीत आहे, आणि खरं सांगतो, मला त्याचा तोरा होता. तो उतरवला दिघोरीच्या रुपानं. तिनं काही केलं नाही, केलं ते मीच.

रुपा म्हणजे गोपीचंदची थोरली. घरी धानाची शेती. रोपांची रोवणी लागली की पोरगी दोन आठवडे चिखलात, आणि परत आली की बुडालेला सगळा अभ्यास दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायची. सकाळच्या एसटीनं यायची, दुसऱ्या बाकावर बसायची. बोलणं मोजकं, पण ‘काहून’, म्हणजे ‘का’, विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भंडाऱ्याला राहून गणितात बी.एस्सी. करायची, एवढंच तिच्या मनात होतं. बापानं अट घातली होती, "बोर्डात गणितात पंचाहत्तर पाड, मंग होस्टेलात ठेवतो. नाही तं घरी राय."

बारावीला एक शॉर्टकट असतो. eˣ च्या शेजारी कंसात एखादं फंक्शन आणि त्याचंच डेरिव्हेटिव्ह, अशी बेरीज दिसली की डोळे मिटून लिहायचं: eˣ गुणिले ते फंक्शन, अधिक C. मी फळ्यावर चौकट करून दिली. रुपा उठली. "काहून सर?"

"कायले पाहिजे तुले काहून? मार्क पाहिजेत का काहून पाहिजे?" मी म्हटलं. वर्ग हसला, ती बसली.

पूर्वपरीक्षेत मी ∫eˣ(1/x − 1/x²)dx घातलं. 1/x चं डेरिव्हेटिव्ह −1/x², म्हणजे उत्तर eˣ/x + C. एका ओळीचं काम. रुपानं पान भरलं होतं. आधी दोन इंटिग्रल वेगळी केली. पहिल्यावर, eˣ/x वर, बाय पार्ट्स ही नेहमीची रीत लावली. त्यातून eˣ/x बाहेर आलं आणि मागे अधिक ∫eˣ/x² dx उरलं. दुसरं इंटिग्रल होतंच, उणे ∫eˣ/x² dx. दोन्हींवर तिरपी रेघ मारून तिनं उत्तर लिहिलं.

माझा साठावा पेपर होता तो, डोकं भणभणत होतं. ∫eˣ/x² बारावीच्या कुठल्याच रीतीनं सुटत नाही, हे मीच वर्गात सांगितलं होतं. मी लाल पेनानं लिहिलं, ‘न सुटलेलं इंटिग्रल कापता येत नाही’, आणि शून्य दिलं.

पेपर वाटताना तिनं हळूच विचारलं, "पण सर, दोन्ही सारखेच आहेत ना?"

"बस खाली. बोर्डात असला खेळ केला तं याद राख."

आठवड्यानं महत्त्वाच्या प्रमेयांची यादी काढायला मी पुस्तक उघडलं. तिथं त्याच शॉर्टकटची सिद्धता होती, आणि ती रुपाचीच होती. फक्त 1/x च्या जागी f. बाय पार्ट्समधून उणे ∫eˣf′ निघतं, शेजारी अधिक ∫eˣf′ असतंच, दोन्ही जातात. ती सोडवावी लागतच नाहीत. eˣ चं डेरिव्हेटिव्ह eˣ च, म्हणून eˣf चं डेरिव्हेटिव्ह काढलं की eˣf अधिक eˣf′ मिळतं. शॉर्टकट म्हणजे तेच उलटं वाचणं. पोरीनं ते आपल्या डोक्यानं शोधलं होतं. मी कॉलेजात असताना ते घोकलं होतं आणि पुढं तेवीस वर्षं शेवटची ओळ तेवढी शिकवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला हवं होतं. प्रॅक्टिकल आहेत, निरोप समारंभ आहे, अशा सबबी मी स्वतःलाच सांगत राहिलो. खरं म्हणजे साठ पोरांसमोर ‘मी चुकलो’ म्हणायची लाज वाटली. दुसरं काही नाही.

बोर्डात तेच प्रमेय आलं, सिद्ध करा, तीन गुण. रुपाला पडले त्र्याहत्तर. गोपीचंद शब्दाचा पक्का माणूस.

जूनमध्ये मी दिघोरीला गेलो. तिची आई सत्यभामाबाई पाणी घेऊन आली, "सर घरी आले, आमचं भाग्य," म्हणाली. रुपा बांधीत धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून आली होती, हात धुऊन समोर उभी राहिली.

"पूर्वपरीक्षेतलं तुझं गणित बरोबर होतं पोरी," मी म्हटलं. "मी चुकलो."

ती म्हणाली, "बोर्डात तो प्रश्न मी सोडून देल्ला, सर. सिद्धता येत होती मले. पुस्तकात पाह्यली, तं माह्यासारखीच होती. मले वाटलं, पुस्तक छापणाऱ्याचंच चुकलं असन. तुम्ही कुठं चुकता."

चूक मला बोर्डाच्या आधीच कळली होती, हे तिला सांगायलाच मी गेलो होतो. ते न सांगता चहा पिऊन परत आलो.